एऑर्टिक डिसेक्शनची कळ, धोका कोणाला आणि सीटी तातडीने का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एऑर्टिक डिसेक्शन म्हणजे नेमकं काय होतं?

हृदयातून निघणारी सगळ्यात जाड रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. डॉक्टर तिला एऑर्टा म्हणतात. ती हृदयातून आधी वर चढते, मग छडीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला चिकटून पोटापर्यंत खाली जाते. तिच्या भिंतीत तीन थर असतात. सगळ्यात आतला थर पातळ आणि गुळगुळीत असतो, मधला जाड आणि लवचीक, तर बाहेरचा चिवट. आतल्या थराला चीर पडली की दर ठोक्याला दाबाने येणारं रक्त त्या चिरेतून मधल्या थरात शिरतं आणि भिंत आतल्या आत उसवत नेतं. प्लायवूडचे थर पाण्याने फुगून सुटतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की तिथे दिवस लागतात आणि इथे काही सेकंदांत हातभर लांबीची भिंत सुटू शकते.

त्यामुळे एका नळीत दोन वाटा तयार होतात, एक खरी आणि एक खोटी. खोट्या वाटेत रक्त भरलं की खरी वाट चेपली जाते. महाधमनीतून मेंदूला, हातांना, मूत्रपिंडांना, आतड्यांना आणि पायांना फांद्या जातात. त्यांतली ज्या फांदीचं तोंड चेपलं जाईल, त्या अवयवाचं रक्त तुटतं. आणि खोट्या वाटेची बाहेरची भिंत पातळ असल्यामुळे ती फुटायची भीती कायम असते.

चीर कुठे आहे यावर पुढचं सगळं ठरतं. हृदयाजवळचा चढता भाग उसवला असेल तर त्याला टाइप ए म्हणतात. तो भाग शाबूत असून फक्त पुढचा भाग उसवला असेल तर टाइप बी. टाइप ए म्हणजे तातडीचं ऑपरेशन. टाइप बीमध्ये बहुतेक वेळा आयसीयूत बीपी आणि नाडी काबूत ठेवून निभावतं. एखाद्या अवयवाचं रक्त तुटलं किंवा भिंत फुटायला आली, तर मात्र मांडीतून आत स्टेंट सरकवावा लागतो.

ही कळ हार्ट अटॅकपेक्षा वेगळी कशी ओळखायची?

सुरुवात कशी झाली ते विचारा. या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातूनही कळत नाही. हार्ट अटॅकचं दुखणं बहुधा चढत जातं. आधी अस्वस्थ वाटतं, मग छातीवर ओझं येतं आणि पाच-दहा मिनिटांत ते असह्य होतं. डिसेक्शनमध्ये पहिल्या क्षणीच दुखणं शिखरावर असतं. रुग्णाला नेमकी वेळ आणि आपण तेव्हा काय करत होतो हे आठवतं: "नळ बंद करायला वाकलो आणि कळ आली," "शिंकलो आणि काहीतरी तुटलं." 'सकाळपासून जरा दुखतंय' असं सांगणाऱ्याला डिसेक्शन असू शकत नाही असं नाही, पण नेमका क्षण सांगणाऱ्याच्या बाबतीत शंका जास्त घट्ट होते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा आणि तिचं सरकणं. टाइप एमध्ये दुखणं बहुधा छातीच्या पुढच्या भागात असतं, कधी गळ्यात किंवा जबड्यात. टाइप बीमध्ये ते दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधे, पाठीत आणि पोटात असतं. भिंत खाली उसवत गेली की दुखणंही तिच्याबरोबर खाली उतरू शकतं. छातीत सुरू झालेली कळ अर्ध्या तासात कमरेत आली, तर तिला 'स्नायू भरला' म्हणून सोडून देऊ नये.

पाठ्यपुस्तकांत 'फाटल्यासारखी' कळ असं लिहिलेलं असतं. हा शब्द ऐकायची वाट बघत बसणं धोक्याचं आहे. हजारो रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत 'फाटल्यासारखं' म्हणणारे साधारण निम्मेच निघाले. बाकीच्यांनी नुसतं 'टोचणारं' किंवा 'सुरी खुपसल्यासारखं' म्हटलं. आपल्याकडे लोक चमक, कळ, लचक, 'काहीतरी तुटलं' असं म्हणतात. अचानकपणा मात्र दहातल्या आठांहून अधिक जणांत होता.

मायकेल डीबेकी या अमेरिकन सर्जनचं उदाहरण बोलकं आहे. या आजाराचं वर्गीकरण आणि त्यावरचं ऑपरेशन उभं करणाऱ्यांत ते अग्रणी होते. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी, घरी असताना त्यांच्या छातीत आणि फऱ्यांच्या मधे तीव्र कळ आली आणि ती मानेकडे सरकली. त्यांच्याही मनात आधी हार्ट अटॅकच आला. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं आणि ते २००८ पर्यंत जगले.

कळ कमी झाली, मग घाई कशाला?

कारण कळ थांबणं आणि उसवणं थांबणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भिंत उसवते त्या वेळी दुखतं. उसवणं काही काळ थबकलं की दुखणंही उतरतं, पण खोटी वाट जागच्या जागीच असते. बीपी वाढलं, खोकला आला किंवा शौचाला जोर लावला की ती पुन्हा पुढे जाऊ शकते किंवा फुटू शकते. अ‍ॅसिडिटीची गोळी किंवा सोडा घेतला आणि अर्ध्या तासाने बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता, असा निष्कर्ष काढण्याची चूक इथेच होते. कळ योगायोगानेही तेव्हाच उतरलेली असू शकते.

दुखल्याशिवायही डिसेक्शन होऊ शकतं का?

होय. त्याच नोंदणीत सुमारे सहा टक्के रुग्णांना दुखलंच नव्हतं. त्यांतले काही नुसते बेशुद्ध पडले, तर काहींना एका बाजूचा लकवा झाला. मानेतल्या धमनीचं तोंड चेपलं की चित्र लकव्याचं दिसतं, आणि लकव्यातही आता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. म्हणून छातीत किंवा मानेत कळ येऊन लकवा झाला असेल, बेशुद्ध पडल्यावर दोन्ही हातांची नाडी वेगवेगळी लागत असेल किंवा एक पाय अचानक थंड पडला असेल, तर ते इंजेक्शन देण्याआधी महाधमनीचा विचार व्हायला हवा.

कोणाला जास्त धोका असतो?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं काबूत नसलेलं बीपी. डिसेक्शनच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना उच्च रक्तदाब असतो. वाढलेल्या दाबाने मधला थर हळूहळू झिजतो. म्हणून साठीच्या आसपासचा पुरुष, बीपीची गोळी 'बरं वाटतंय म्हणून' सोडलेला आणि तंबाखू किंवा सिगारेट चालू असलेला, असं चित्र वारंवार दिसतं. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा आजार जवळपास दुप्पट आहे. पण स्त्रियांमध्ये तो उशिरा ओळखला जातो, हेही नोंदणीत दिसलं आहे.

तरुण वयातल्या डिसेक्शनची कारणं वेगळी असतात. मार्फन सिंड्रोममध्ये भिंतीला आधार देणारे तंतूच जन्मतः कच्चे असतात. असे लोक उंच, सडपातळ आणि लांब हातापायांचे असतात. अंगठा तळहातात दुमडून मूठ मिटली तर त्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावतं. चष्म्याचा नंबर लवकर लागलेला असतो, कधी डोळ्यातलं भिंग सरकलेलं असतं. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि मरण पावली. मार्फनमुळे तिची महाधमनी फाटली, हे शवविच्छेदनात कळलं. लोयस-डीट्झ आणि रक्तवाहिन्यांचा एलर्स-डॅनलॉस हेही याच घराण्यातले विकार.

याशिवाय एऑर्टिक झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं. हे साधारण शंभरात एक-दोन जणांत सापडतं आणि पुष्कळांना ते माहीतही नसतं. महाधमनी आधीच फुगलेली असणं, वडील, भाऊ किंवा मुलाला हा आजार झालेला असणं, हृदयाचं किंवा महाधमनीचं ऑपरेशन झालेलं असणं, कोकेनसारखी नशा, टाकायासू नावाचा रक्तवाहिन्यांचा दाह आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने व बाळंतपणानंतरचे आठवडे, ही सगळी यादीत येतात. कधी निमित्त क्षणिक असतं. श्वास रोखून जड वजन उचलताना बीपी काही क्षण प्रचंड वाढतं आणि आधीच कच्ची असलेली भिंत तेव्हा सुटते.

औषधांपैकी एका गटाचं नाव सांगायला हवं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्यांमुळे महाधमनीच्या इजेचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. म्हणून महाधमनी फुगलेली असेल किंवा मार्फन असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. बहुतेक वेळा दुसरं औषध मिळतं. आपल्याकडे या गोळ्या जुलाब-लघवीच्या तक्रारीसाठी केमिस्टकडून सहज घेतल्या जातात, म्हणून हा उल्लेख.

महाधमनी फार फुगलेली नसेल तर भीती नाही ना?

असं धरून चालता येत नाही. चढती महाधमनी ५.५ सेंटिमीटरला पोहोचली की प्रतिबंधक ऑपरेशन सुचवलं जातं, मार्फनमध्ये ५ सेंटिमीटरला, आणि काही अनुभवी केंद्रं इतरांनाही ५ लाच सुचवतात. पण टाइप ए झालेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांत महाधमनी ५.५ पेक्षा लहान होती. 'चार महिन्यांपूर्वीच्या टूडी इकोत ४.३ होती, म्हणजे काही नाही' असं अचानक कळ आल्यावर म्हणू नका.

ईसीजी आणि एक्स-रे नॉर्मल आले तर?

तर काहीच सिद्ध होत नाही. डिसेक्शनच्या साधारण तिघांपैकी एकाचा ईसीजी पूर्ण नॉर्मल असतो. ईसीजी बिघडला तरी तो दिशाभूल करू शकतो, ते पुढच्या उदाहरणात येईल. छातीच्या एक्स-रेवर महाधमनीची सावली रुंद दिसली तर मदत होते, पण दहातल्या एखाद्याचा एक्स-रे स्वच्छ असतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन वाढलेलं असलं तरी हार्ट अटॅक पक्का होत नाही, कारण डिसेक्शनमध्येही ते वाढू शकतं.

दोन्ही हातांचं बीपी घेणं ही कोणत्याही दवाखान्यात फुकट होणारी तपासणी आहे, आणि ती आश्चर्यकारकरीत्या कमी वेळा होते. दोन हातांत वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक असेल तर शंका बळावते. फरक नसेल तर मात्र शंका मिटत नाही, कारण बऱ्याच जणांत हातांच्या फांद्या शाबूत असतात. असा फरक काही निरोगी माणसांतही असतो, म्हणून कळ, बीपी आणि नाडी एकत्र बघायची.

डॉक्टर 'धोका किती' हे कसं ठरवतात?

अपघात विभागात एक सोपी पद्धत वापरतात. तीन खण आहेत आणि प्रत्येकात काही सापडलं तर एक गुण मिळतो, जास्तीत जास्त तीन. पहिला खण आधीच्या धोक्याचा: मार्फन, कुटुंबात महाधमनीचा आजार, झडपेचा आजार, नुकतीच झालेली महाधमनीवरची प्रक्रिया किंवा आधीच फुगलेली महाधमनी. दुसरा दुखण्याचा: अचानक, तीव्र किंवा फाटल्यासारखं. तिसरा तपासणीचा: नाडी न लागणं, दोन हातांत फरक, दुखण्याबरोबर लकवा, एऑर्टिक झडपेचा नवा गळका आवाज किंवा बीपी कोसळून आलेला शॉक.

नवखा माणूस इथेच एक गोष्ट चुकवतो. साधं उच्च बीपी पहिल्या खणात नाही. कारण ते इतक्या लोकांना असतं की त्यावरून वेगळं काढता येत नाही.

गुण शून्य किंवा एक असेल तर डी-डायमर ही रक्ततपासणी उपयोगी पडते. ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आली तर डिसेक्शन असण्याची शक्यता फार कमी राहते. गुण दोन किंवा तीन असेल तर तिची वाट बघत बसू नये, थेट सीटी करावी. उलट, छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाची डी-डायमर करू नये. ती न्यूमोनियात, गरोदरपणात, म्हातारपणात, ऑपरेशननंतरही वाढते आणि मग अकारण सीटींची रांग लागते.

एक उदाहरण सांगाल का?

शिकण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातला ५६ वर्षांचा शेतकरी. बीपीची गोळी सहा महिन्यांपासून बंद. सकाळी ६:५० ला पंपाचा पाइप ओढताना छातीत अचानक कळ येते आणि घाम फुटतो. सात वाजून दहा मिनिटांनी छातीतली कळ उतरते, पण फऱ्यांच्या मधे दुखत राहतं. ७:४० ला तो तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचतो. ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेघ वर उचललेली दिसते. म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा हार्ट अटॅक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फ्रिजमध्ये तयार आहे, आणि हार्ट अटॅक असेल तर ते जितक्या लवकर द्याल तितकं चांगलं.

डॉक्टर इंजेक्शनच्या आधी तीन गोष्टी विचारतात. कळ कशी सुरू झाली? एका क्षणात. कुठे सरकली? पाठीत. दोन्ही हातांचं बीपी किती? उजवीकडे १६८/९६, डावीकडे १३२/८०. फरक ३६. दुखण्याचा एक गुण आणि तपासणीचा एक, एकूण दोन. इंजेक्शन थांबतं.

मग ईसीजीत अटॅक का दिसला? खोटी वाट मागे सरकत हृदयाच्या मुळापर्यंत गेली की उजव्या कोरोनरी धमनीचं तोंड झाकलं जाऊ शकतं. मग हृदयाचा खालचा भाग खरोखरच रक्तावाचून राहतो. अटॅक खरा आहे, पण त्याचं कारण धमनीतली गुठळी नसून फाटलेली भिंत आहे. गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर खोट्या वाटेत जमलेलं आणि तिला थोडं सावरणारं रक्त पातळ होतं, बाहेर झिरपायला लागतं आणि ऑपरेशनच्या टेबलावर रक्तस्राव थांबत नाही. हेपॅरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचाही हाच प्रश्न. आपल्याकडे कॅथलॅब दूर असलेल्या ठिकाणी इंजेक्शन हाच पहिला इलाज असतो, म्हणून ही तीन प्रश्नांची दोन मिनिटं तिथे सगळ्यात मोलाची.

दवाखान्यात बीपी उतरवणं सुरू होतं. लॅबेटॅलॉल हे औषध बाळंतपणाच्या वॉर्डात असतंच, तेच इथे कामाला येतं. २० मिलिग्रॅम शिरेतून दोन मिनिटांत, मग दर दहा मिनिटांनी बघून ४० किंवा ८०, एकूण ३०० पर्यंत. लक्ष्य असं की नाडी ६० च्या खाली आणि वरचं बीपी १०० ते १२० च्या दरम्यान यावं, तेही रुग्ण शुद्धीवर आणि लघवी होत असताना. वेदना कमी करायला मॉर्फिन किंवा फेंटॅनिल. दुखणं उतरलं की नाडी आणि बीपीही उतरतं.

इथे दोन सापळे आहेत. बीपी मोजायचं ते जास्त आकडा देणाऱ्या हातावर, म्हणजे या माणसाच्या उजव्या. डाव्या हातावर १३२ दिसतं म्हणून 'बरंय' म्हटलं तर चुकेल, कारण त्या हाताची फांदी चेपली गेली आहे आणि खरा दाब १६८ आहे. दुसरा सापळा असा की फक्त रक्तवाहिनी सैल करणारं औषध आधी दिलं तर नाडी उसळते आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का वाढतो. म्हणून नाडी कमी करणारं औषध आधी. बीपी आधीच कमी असेल, हृदयाभोवती रक्त साचलं असेल किंवा झडप फार गळत असेल, तर मात्र हे औषध देताना फार जपावं लागतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी ८:५० ला सीटी होते. भिंतीचा सुटलेला पडदा महाधमनीच्या मुळापासून पोटातल्या दुभाजनापर्यंत दिसतो. टाइप ए. हृदयाभोवती थोडं रक्त. ९:०५ ला सर्जनला फोन, सीटीचे फोटो मोबाइलवर आणि सीडी रुग्णाबरोबर. रवानगी होईपर्यंत तिथे कोणी 'अंतिम रिपोर्ट टाइप होऊ दे' म्हणत नाही.

इतकी घाई खरंच लागते का? किती वेळ हातात असतो?

जुन्या नोंदींत टाइप एमध्ये उपचार न मिळाल्यास पहिल्या दोन दिवसांत तासाला एक ते दोन टक्के मृत्यू, असा आकडा आहे. अलीकडच्या नोंदणीत तो औषधोपचार मिळालेल्या रुग्णांत तासाला साधारण अर्धा टक्का दिसतो. तो कमी धरला तरी एका रात्रीत दहा तास जातात. 'उद्या सकाळी सीटी करू' याची किंमत अशी मोजावी.

मृत्यू कसा येतो, हे १७६० मध्येच लिहून ठेवलं गेलं आहे. २५ ऑक्टोबरच्या सकाळी इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज शौचाला गेला आणि तिथेच कोसळला. डॉक्टर फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने भरलेली होती आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला सुमारे दीड इंचाची चीर होती. चढती महाधमनी त्या पिशवीच्या आतच असते. ती फुटली की रक्त पिशवीत साचतं, हृदयाला फुगायला जागा राहत नाही आणि बीपी कोसळतं. म्हणून टाइप एला इतकी घाई.

सीटी कोणती सांगायची? आमच्याकडे छातीची एचआरसीटी झाली आहे.

एचआरसीटी चालणार नाही. कोविडनंतर लोक छातीचा सीटी म्हणजे एचआरसीटीच धरून चालतात, पण ती फुप्फुसांसाठी असते आणि तिच्यात रंगद्रव्य दिलेलं नसतं. सुटलेला पडदा दिसायला रक्त उजळावं लागतं. चिठ्ठीवर असं लिहिलेलं हवं: सीटी एऑर्टोग्राम, छाती ते जांघ, आधी रंगद्रव्याविना आणि मग रंगद्रव्यासह, शक्य तिथे ईसीजीशी जुळवलेली.

प्रत्येक तुकड्याला कारण आहे. रंगद्रव्याविना पहिली फेरी घेतली की भिंतीच्या आत गोठलेलं रक्त पांढरट चंद्रकोरीसारखं दिसतं, ते रंगद्रव्य दिल्यावर लपू शकतं. ईसीजीशी न जुळवता घेतलेल्या सीटीत हृदयाच्या धडधडीमुळे मुळाशी खोटी रेघ उमटते आणि नसलेलं डिसेक्शन दिसतं. छाती ते जांघ यासाठी की आतडी, मूत्रपिंडं आणि पाय यांचं रक्त कुठे तुटलं ते कळावं. सुई शक्यतो उजव्या कोपराच्या शिरेत, २० किंवा १८ नंबरची. डाव्या हाताने दिलेलं दाट रंगद्रव्य महाधमनीच्या कमानीसमोरून जातं आणि तिथे चकाकीच्या रेघा मारतं.

किडनीचा रिपोर्ट आल्याशिवाय रंगद्रव्य देत नाहीत, असं सांगितलं. मग?

साध्या, ठरवलेल्या सीटीसाठी तो नियम ठीक आहे. डिसेक्शनची दाट शंका असेल तर क्रिएटिनिन या किडनीच्या रक्ततपासणीसाठी थांबू नये. रंगद्रव्याने किडनीला त्रास होण्याची शक्यता असते, पण मूत्रपिंडाची धमनीच चेपली गेली असेल तर थांबण्यानेच किडनी जाते. रंगद्रव्याची आधीची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर लगेच सांगा. मग अन्ननलिकेतून केलेली इको किंवा एमआरआय हे पर्याय उरतात. अन्ननलिकेतून इको खाटेजवळ होते, म्हणून बीपी कोसळलेल्या रुग्णासाठी ती चांगली. एमआरआय अर्धा तास किंवा जास्त घेतो आणि आत यंत्रं नेता येत नाहीत. छातीवरून केलेली साधी इको पडदा किंवा हृदयाभोवतीचं पाणी दाखवू शकते, पण ती स्वच्छ आली म्हणून सुटका नाही. गरोदर बाईलाही, आईचा जीव धोक्यात असेल तर, सीटी नाकारू नये.

आमच्या गावात सीटी नाही. काय करायचं?

'आज रात्र बघू' म्हणून दाखल होऊ नका. १०८ ला फोन करून छातीत अचानक कळ आली, ती पाठीत सरकली, हे याच शब्दांत सांगा. वाटेत सीटीची सोय असेल तर आधी फोन करून टेबल मोकळं ठेवायला सांगा. सीटी आणि हृदयाचं ऑपरेशन दोन्ही एकाच ठिकाणी जवळपास असेल तर थेट तिथेच जा. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, जिने चढू नयेत, शौचाला जोर करू नये. जवळ जुनी टूडी इको, औषधांची चिठ्ठी आणि कळ सुरू झाल्याची वेळ ठेवा.

घरातली अ‍ॅस्पिरिन चावून घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. हार्ट अटॅक डिसेक्शनपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो, डिसेक्शन दर लाखात वर्षाला साधारण तीन ते सहा जणांना. त्यामुळे छातीत दुखल्यावर अ‍ॅस्पिरिनचा सल्ला सर्वसाधारणपणे बरोबरच आहे. पण कळ एका क्षणात आली, पाठीत सरकली, हातपाय बधिर झाला किंवा मार्फन असेल, तर गोळी न घेता निघा. घेऊन झाली असेल तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा.

सीटीत काही आढळलं नाही, तर चुकलो का?

नाही. नीट काढलेली सीटी एऑर्टोग्राम डिसेक्शन जवळजवळ कधीच चुकवत नाही, म्हणून तिच्यानंतर हार्ट अटॅक किंवा फुप्फुसातली गुठळी या दिशेने मोकळेपणाने जाता येतं. बरेचदा ती त्याच फेरीत दुसरं कारणही दाखवते.

घरात एकाला झालं, तर इतरांनी काय करावं?

आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांची एकदा टूडी इको करून महाधमनीचं मूळ किती सेंटिमीटर आहे ते कागदावर उतरवून घ्या. रुग्णाचं वय साठीच्या आत असेल, अंगाची ठेवण मार्फनसारखी असेल किंवा घरात आणखी कोणी अचानक गेलं असेल तर जनुकीय तपासणीचा सल्ला घ्या. बीपी घरच्या यंत्राने दोन्ही हातांवर एकदा मोजा, जास्त आकडा कोणत्या हातावर येतो ते लिहून ठेवा आणि पुढे कायम त्याच हातावर मोजा. अपघात विभागात कधी जायची वेळ आली तर 'आमच्या घरात महाधमनी फाटल्याची नोंद आहे' हे वाक्य दारातच सांगा. त्या एका वाक्याने पहिल्या खणातला गुण मिळतो.